जादा काम की दुसरी पाळी: दर तासाचा हिशेब कुठे फसतो

ऑर्डर वाढली की कारखान्यासमोर दोन वाटा असतात. आहे त्याच कामगारांना थांबवून ओव्हरटाइम द्यायचा, किंवा नवे कामगार घेऊन दुसरी पाळी सुरू करायची. दोन्हींत त्याच यंत्रांवर अधिक तास काम होते आणि दोन्हींत नेहमीच्या मजुरीवर काहीतरी जास्त द्यावे लागते, त्यामुळे ओव्हरटाइमचा वाढीव दर आणि पाळीभत्ता हे एकाच जातीचे खर्च समजून तुलना केली जाते. ओव्हरटाइम दुप्पट, पाळीभत्ता जेमतेम दहा टक्के, म्हणजे दुसरी पाळी स्वस्त, असा निष्कर्ष मग चटकन निघतो. तो पुष्कळदा चुकीचा असतो.

दुप्पट दर ही कायद्याची सक्ती आहे. 1948च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 59 ने तो ठरवून दिला आणि नव्या श्रमसंहितेतही तो कायम आहे. पाळीभत्ता मात्र मालक आणि कामगार यांच्यातील करारातून येतो, त्यामुळे तो कारखान्यागणिक वेगळा असतो. त्याहून महत्त्वाचा फरक असा की ओव्हरटाइमचा पैसा काम झालेल्या तासांपुरताच द्यावा लागतो, तर दुसऱ्या पाळीचा कामगार एकदा कामावर घेतला की काम कमी असले तरी त्याचा पूर्ण महिन्याचा पगार द्यावाच लागतो.

भोसरीतील एखाद्या मशीन शॉपचे उदाहरण घेऊ. आकडे हिशेबासाठी मानलेले आहेत. चाळीस सीएनसी लेथ, त्यांवर चाळीस ऑपरेटर, एकच पाळी. महिन्याला 26 दिवस आणि रोज आठ तास, म्हणजे प्रत्येकाचे 208 तास. पगार 20,800 रुपये, म्हणून तासाला 100 रुपये पडतात. ओव्हरटाइमचा तास त्यामुळे 200 रुपयांचा झाला. ओव्हरटाइमच्या रकमेवर भविष्य निर्वाह निधी भरावा लागत नाही, आणि रजा किंवा ग्रॅच्युइटीही त्या तासांमुळे वाढत नाही, म्हणून 200 रुपयांत तो तास जवळजवळ संपतो.

दुसऱ्या पाळीच्या नव्या ऑपरेटरचा तास मात्र 100 रुपयांत संपत नाही. त्याचा भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा, पगारी रजा, बोनस आणि ग्रॅच्युइटी मिळून तासाला 30 रुपये धरू. पाळीभत्ता दिवसाला 80 रुपये असेल तर तासाला आणखी दहा. म्हणजे खरी तुलना 200 विरुद्ध 110 अशी नसून 200 विरुद्ध 140 अशी आहे. कागदावर 90 रुपयांची दिसणारी बचत 60 रुपयांवर येते, आणि अजून पाळीचा स्वतःचा खर्च धरलेलाच नाही.

पाळी उघडली की सुपरवायझर लागतो, देखभालीसाठी फिटर लागतो, रात्री उशिरा सुटणाऱ्यांसाठी बस आणि गेटवर जादा रखवालदार लागतो. सुपरवायझरचे 35,000, फिटरचे 22,000 आणि बाकीचे 15,000 धरले तर महिन्याला 72,000 रुपये होतात. पाळीत तीन माणसे असोत वा दहा, हा आकडा फारसा हलत नाही. तासामागे वाचणाऱ्या 60 रुपयांनी त्याला भागले की 1,200 तास येतात. महिन्याला एवढे जादा तास लागत नसतील तर दुसरी पाळी महागच पडते. गरज 600 तासांची असेल तर ओव्हरटाइमला 1,20,000 रुपये लागतील. पाळीसाठी तीन ऑपरेटर घ्यावे लागतील आणि त्यांच्या 624 तासांचे 87,360 अधिक 72,000 असे 1,59,360 रुपये होतील. गरज 1,456 तासांवर गेली तर सात ऑपरेटरांची पाळी 2,75,840 रुपयांत होते, आणि ओव्हरटाइम कायद्याने शक्य असता तर त्याला 2,91,200 लागले असते.

स्थिर ओव्हरहेडचा गोंधळ इथेच होतो. समजा शेडचे भाडे, घसारा, विमा आणि कार्यालयीन पगार मिळून महिन्याला 6,24,000 रुपये आहेत. सध्याच्या 8,320 तासांवर ते तासाला 75 रुपये पडतात. दुसरी पाळी सुरू होऊन तास 9,776 झाले की नव्या 72,000 सह एकूण ओव्हरहेड 6,96,000 होतो आणि दर 71.19 वर उतरतो. हा उतरलेला दर दाखवून पाळीने ओव्हरहेड वाचवला असे बैठकीत सांगितले जाते. पण तेवढेच तास ओव्हरटाइममधून काढले असते तर दर 63.83 वर आला असता, कारण 72,000 वाढलेच नसते. दर उतरतो तो जादा तासांमुळे, आणि जादा तास तर दोन्ही वाटांनी मिळतात. जुने 6,24,000 दोन्हीकडे सारखेच असल्याने निर्णयाच्या हिशेबातून ते बाजूला ठेवावेत आणि फक्त बदलणारे खर्च एकमेकांसमोर मांडावेत. नुसता ओव्हरहेडचा दर पाहिला तर ओव्हरटाइम जिंकतो आणि नुसती मजुरी पाहिली तर पाळी जिंकते, म्हणूनच या दोन्हींपैकी एकट्या आकड्यावर निर्णय सोपवू नये असे माझे ठाम मत आहे.

घसाऱ्याबाबत आणखी एक खोच आहे. कंपनी अधिनियम, 2013च्या अनुसूची दोननुसार यंत्र दोन पाळ्यांत चालवले तर त्या काळापुरता घसारा 50 टक्के वाढवावा लागतो. ज्या यंत्रांना ही तरतूद लागू नाही त्यांची नोंद अनुसूचीतच आहे. हिशेबाच्या वहीत हा वाढीव घसारा एकट्या दुसऱ्या पाळीच्या नावावर पडतो. प्रत्यक्षात लेथची झीज ती किती तास चालली यावर ठरते, आणि ते तास ओव्हरटाइममध्येही तेवढेच असतात. ताळेबंदात ही वाढ दाखवणे आवश्यकच आहे, पण निवड करताना ती पाळीच्या विरोधात मोजणे योग्य नाही.

आता ओव्हरटाइमच्या मर्यादा. मूळ कारखाने अधिनियमात एका कामगाराला तिमाहीत 50 तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइम देता येत नव्हता. पुढे राज्यांनी ही मर्यादा आपापल्या परीने वाढवली, म्हणून आपल्या राज्यात आज लागू असलेला आकडा आधी पाहावा. 50 तासच धरले तर चाळीस जणांचे महिन्याला सुमारे 667 तास होतात. म्हणजे 667 पासून 1,200 पर्यंतच्या पट्ट्यात स्वस्त वाट कायद्याने बंद आणि उघडी वाट महाग अशी स्थिती येते. या पट्ट्यात काही काम जॉबवर्कने बाहेर देण्याचा दरही तपासून पाहावा.

शिवाय नवव्या-दहाव्या तासाला हात मंदावतात. ओव्हरटाइमच्या तासांतील चांगले नग वेगळे मोजले तरच हे कळते. दिवसभराच्या सरासरीत ते लपून जाते. ते नग नेहमीपेक्षा 15 टक्के कमी निघत असतील तर 200 रुपयांचा तास खरा 235 रुपयांना पडतो आणि दुसरी पाळी 1,200 ऐवजी साधारण 755 तासांवरच परवडू लागते. नव्या पाळीलाही हीच मोजणी लावावी, कारण नवे ऑपरेटर पहिले काही आठवडे जास्त माल रिजेक्ट करतात. ऑर्डर तीन-चार महिन्यांचीच असेल तर भरती, शिकवणी आणि शेवटी कामगार कमी करण्याचा खर्च तेवढ्याच महिन्यांवर वाटून 72,000 मध्ये मिळवावा आणि मग भागाकार नव्याने करावा.