पार्श्वभूमी : संध्याकाळच्या ओल्या काचेवरची चारोळी

काचेवरून ओघळलेला पाऊस, मागे मावळता उजेड, आणि त्या फोटोखाली चार ओळी. हे आज सहज जमतं, पण खिडकी आणि फोटो यांचं नातं जुळलं तेव्हा त्यात पाऊस दिसणं शक्यच नव्हतं. हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट 1835 मध्ये इंग्लंडमधल्या लेकॉक अॅबी या आपल्या घराच्या जाळीदार खिडकीचं चित्र कागदावर घेतलं. टिकून राहिलेल्या निगेटिव्हांमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. भिंगातून पाहिलं तर खिडकीचे सुमारे 200 चौकोन मोजता येतात, असं त्यांनी स्वतः टिपून ठेवलं. पण तो कागद इतका वेळ उजेडात ठेवावा लागे की सरकता थेंब त्यावर उमटलाच नसता. 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली. ती सुधारत गेली, तसं एक्स्पोजर सेकंदाच्या अंशावर आलं आणि थेंब चित्रात थांबू लागला.

ओली काच हाच विषय मानणारा माणूस म्हणजे प्रागचा छायाचित्रकार योसेफ सुडेक. पहिल्या महायुद्धात त्याने उजवा हात गमावला होता. 1940 पासून, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, तो आपल्या स्टुडिओची खिडकी आतून टिपू लागला, ते 1954 पर्यंत. थेंब, वाफ, दव, पलीकडे वाकडं झाड. माझ्या मते या प्रकारच्या सगळ्या फोटोंचं मूळ तिथे आहे.

चार ओळींचं मूळ वेगळीकडे सापडतं. जर्मन कवी आणि नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तने वृत्तपत्रांतून कापलेल्या युद्धाच्या फोटोंखाली चार-चार ओळी लिहिल्या. तो संग्रह 1955 मध्ये बर्लिनला निघाला. फोटो समोरच असल्याने दिसणारं पुन्हा सांगायची कवितेला गरज उरत नाही. चित्र एक क्षण दाखवतं आणि कविता क्रम सांगते, हे जर्मन लेखक लेसिंगने 1766 मध्येच मांडलं होतं.

क्रम सांगण्याच्या या कामाला काचेवरचा ओघळ फार सोयीचा आहे. थेंब काचेला धरून बसतो, शेजारचे थेंब मिळून जड झाला की घसरतो. पण घसरताना तो मागे पाणी सोडत जातो, हलका होतो आणि बरेचदा अर्ध्यावरच अडतो. म्हणजे फोटोतली रेघ हा घडून गेलेला प्रवासच असतो.

समजा पहिला खर्डा असा आहे: ‘संध्याकाळची काच, थेंबांच्या रेघा, पलीकडे पुसट दिवे.’ ही नुसती यादी झाली. फोटो झाकला तरच तिचा उपयोग. त्याऐवजी:

भेटेल त्या थेंबाला
सोबत घेत निघाला,
वाटेवरच सरला.
आत कुणी दिवा लावला.

शेवटच्या ओळीला फोटोत आधार हवा. अंधारताना आत दिवा लागला की काच आरशासारखी होते आणि खोलीतली पिवळी झाक थेंबांत उतरते. ती झाक चित्रात नसेल, तर ही ओळ काढावी. आणि कविता फोटोशिवाय छापायची असेल, तर पहिल्या ओळीत ‘काचेवर’ घालावंच लागेल.