तापलेल्या मोटारीतील बाटलीबंद पाणी

उन्हात उभ्या मोटारीत राहिलेल्या बाटलीतील पाण्यात प्लॅस्टिकमधून काय उतरते, याविषयी जनमानसातील समज आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष यांत बरेच अंतर आहे. एकदाच वापरायच्या बाटल्या बहुधा पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट (पेट) या प्लॅस्टिकच्या असतात. ज्या बिस्फेनॉल-ए या रसायनाची धास्ती घेतली जाते, तो घटक पेटमध्ये नसतो; तो पॉलिकार्बोनेटच्या मोठ्या जारशी संबंधित आहे.

तापल्या बाटलीतून डायॉक्सिन हे विषारी रसायन सुटते आणि त्याने कर्करोग होतो, ही वदंता साधारणपणे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ई-मेलद्वारे पसरली. तिचा उगम निश्चित सांगता येत नाही. काही संदेशांत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा हवाला दिलेला असे. प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून डायॉक्सिन सुटते या समजाचे तेथील संशोधक रॉल्फ हाल्डेन यांनी २००४ मध्ये खंडन केले. डायॉक्सिने मुख्यतः ज्वलनात तयार होतात. मोटारीतील उष्णता त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही.

अधिक दखलपात्र द्रव्य म्हणजे अँटिमनी हे धातूसदृश मूलद्रव्य. पेट बनवताना अँटिमनी ट्रायऑक्साइड उत्प्रेरक म्हणून वापरतात व त्याचा अल्प अंश प्लॅस्टिकमध्ये राहतो. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील पॉल वेस्टरहॉफ व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नैर्ऋत्य अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नऊ बाटलीबंद पाण्यांची तपासणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या तापमानात तीन महिने ठेवूनही अँटिमनी फारसे वाढले नाही. उष्णतेत मात्र ते झपाट्याने उतरते. त्यांच्या गणितानुसार अमेरिकेची लिटरला ६ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ओलांडण्यास ६० अंश सेल्सिअसला १७६ दिवस, ६५ अंशांना ३८ दिवस, तर ८० अंशांना अवघे २.३ दिवस लागतात. भारतीय मानकातील मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे किंचित कडक आहे.

हे दिवस अखंड उष्णतेचे आहेत, ही गोष्ट वृत्तपत्रांतून बहुधा गळते. पाणी रोज पाच तास ६५ अंशांवर राहते असे धरले, तर ३८ दिवसांचे ९१२ तास भरायला सुमारे सहा महिने लागतील. टेम्पी (ॲरिझोना) येथील २०१८ च्या अभ्यासात उन्हातील मोटारीची हवा तासाभरात सरासरी ४७ अंशांपर्यंत, तर डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत तापलेला आढळला. म्हणजे आसनाखालची बाटली आणि काचेशी टेकलेली बाटली एका मापाने मोजता येत नाही. शिवाय ही मर्यादा आयुष्यभर रोज पिण्याच्या पाण्यासाठी आखलेली आहे. त्यामुळे दुपारभर विसरलेल्या बाटलीबाबत भीतीला आधार दिसत नाही. उन्हात आठवडेच्या आठवडे पडून राहणाऱ्या साठ्याची गोष्ट वेगळी.

तापलेल्या पाण्याला येणारा प्लॅस्टिकसारखा वास वा गोडसर चव यामागे बहुधा पेटमधून उतरणारे ॲसिटाल्डिहाइड हे रसायन असते. त्याची चव फार अल्प प्रमाणातही जिभेला कळते. तेवढ्यावरून अँटिमनीचा अंदाज बांधता येत नाही. वायुयुक्त शीतपेयात उष्णतेने आतला दाब वाढतो व डबा फुगतो, प्रसंगी फुटतो. तोंड लावून अर्धी ठेवलेली बाटली कोमट होऊन राहिली, तर तोंडातून गेलेले जीवाणू तीत वाढू शकतात.