उष्णतेने बॅटरी लवकर का झिजते: ‘एसईआय’ थराची पार्श्वभूमी

२०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये निसान लीफच्या मालकांकडून तक्रारी येऊ लागल्या. डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या १२ पट्ट्यांपैकी पहिली पट्टी विझत होती, म्हणजे साधारण १५ टक्के क्षमता गेली होती. गाड्या जेमतेम वर्ष-दीड वर्षाच्या होत्या. या बॅटरीला पाण्यावर चालणारी शीतकरण व्यवस्था नव्हती आणि फिनिक्सचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो.

यामागचं रसायन तोवर बरंच कळलेलं होतं. लिथियमवर बसणाऱ्या पातळ थराला तेल अवीव विद्यापीठाच्या इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ साली ‘सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज’ म्हटलं. तेच आजचं ‘एसईआय’. पुढे १९९० साली कॅनडात जेफ डान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कार्बनच्या इलेक्ट्रोडवरही पहिल्याच चार्जिंगमध्ये असा थर बसतो आणि त्यात थोडं लिथियम कायमचं अडकतं.

बॅटरीचा ऋणाग्र ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनचाच असतो, आणि आयन वाहून नेणाऱ्या द्रवाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. चार्ज झालेल्या ग्रॅफाइटच्या विभवाला या इलेक्ट्रोलाइटमधलं द्रावक टिकत नाही. ते विघटित होतं आणि त्यातून उरलेले लिथियमचे क्षार पृष्ठभागावर साचतात. हा थर लिथियमचे आयन जाऊ देतो, इलेक्ट्रॉन अडवतो, म्हणून विघटन जवळजवळ थांबतं. पूर्ण मात्र थांबत नाही. थर जाड होईल तसा त्याचा वेग मंदावतो, त्यामुळे क्षमतेतली घट साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: पहिल्या वर्षी ३ टक्के गेले, तर चार वर्षांत ६.

आता उष्णता. या थराच्या वाढीची सक्रियण ऊर्जा, म्हणजे ती अभिक्रिया घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, मोलमागे ५० किलोज्यूल धरली, तर २५ अंशांवरून ४५ वर जाताना वाढीचा दर साडेतीन पट होतो. पण घट वर्गमुळाच्या हिशेबाने वाढत असल्याने ती साडेतीन पट न होता सुमारे १.९ पट होते. चार वर्षांतले ६ टक्के ११ च्या थोडे वर जातात.

हा हिशेब थर शाबूत राहिला तरच लागू पडतो, आणि खरी मेख तिथेच आहे. तापमान वाढलं की थरातले सेंद्रिय क्षार स्वतःच विघटित होऊ लागतात. इलेक्ट्रोलाइटमधल्या LiPF₆ या लिथियमच्या क्षारापासून ओलाव्याच्या अंशामुळे हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. लीफच्या त्या बॅटरीत धनाग्र मुख्यतः मँगनीजच्या ऑक्साइडचा होता. अशा धनाग्रातून आम्ल मँगनीज विरघळवतं, ते ग्रॅफाइटवर जाऊन बसतं आणि तिथला थर बिघडवतं. उघड्या पडलेल्या जागी पुन्हा नवा थर, पुन्हा लिथियमचा खर्च. मग घट मंदावत नाही, काळासोबत जवळजवळ सरळ रेषेत वाढत राहते. क्षमतेचा आलेख काही महिन्यांनीही वाकत नसेल, तर असं काही चालू असण्याची शंका घ्यावी.

हे सगळं गाडी उभी असतानाही चालतं. पूर्ण चार्जवर ग्रॅफाइटचं विभव सर्वात खाली असतं, म्हणून विघटनाची ओढही जास्त असते. उन्हाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर चार्ज निम्म्याच्या आसपास ठेवावा, आणि १०० टक्के चार्ज निघण्याच्या थोडं आधी पूर्ण होईल असा वेळ लावावा. थरात एकदा अडकलेलं लिथियम बॅटरी थंड केल्याने परत येत नाही.