दोन स्कूप, सहा दिवस

माझ्या भाच्याने क्रिएटिनचा, म्हणजे व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात त्या पावडरीचा, नवा डबा फोडला आणि सहा दिवस रोज दोन स्कूप घेतले. डब्यावर एकच लिहिला होता, तोही सपाट भरून. याचे दोन्ही शिगोशीग. सातव्या दिवशी डब्यामागचा बारीक मजकूर वाचून तो घाबरला आणि मला फोन केला: "मामा, माझी किडनी गेली का?"

मी त्याला आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढायला सांगितला. सपाट स्कूप ५ ग्रॅम भरला, शिगोशीग ८ ग्रॅम. म्हणजे रोजचे १६ ग्रॅम आणि सहा दिवसांचे ९६. काही स्कूपवर कोरलेला आकडा मिलिलिटरचा असतो, ग्रॅमचा नाही. तिथेच पुष्कळांची फसगत होते. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा पावडर तोलून पाहावी.

आता या ९६ ग्रॅमचं करायचं काय? खेळाडू मुद्दाम 'लोडिंग' करतात, तेव्हा पाच ते सात दिवस रोज साधारण २० ग्रॅम घेतात, म्हणजे एकूण १०० ते १४० ग्रॅम. भाच्याने नकळत जवळपास तेच केलं होतं. फरक इतकाच, की लोडिंगवाले ५-५ ग्रॅम चार वेळा घेतात आणि याने १६ ग्रॅम एका दमात ढोसले. शरीरातलं क्रिएटिन बहुतेक सगळं स्नायूंत असतं आणि स्नायूंची साठवण मर्यादित असते. ती भरली की जादा क्रिएटिन मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. निरोगी माणसात ते साचून विष होत नाही.

मग त्रास कशाचा झाला? पोटाचा. एका वेळी घेतलेला मोठा डोस पूर्ण शोषला जात नाही, उरलेला आतड्यात पाणी खेचून धरतो, आणि पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. भाच्याला दोन दिवस तेच झालं होतं आणि त्याने खापर भलत्याच जेवणावर फोडलं होतं. वजनही दीड किलो वाढलं होतं. ती चरबी नव्हे, क्रिएटिनबरोबर स्नायूंत शिरलेलं पाणी.

पावडर दोन-चार दिवस बंद ठेवावी किंवा सरळ रोजच्या ३ ते ५ ग्रॅमवर यावं. जुलाब असतील तर ओआरएस घ्यावं. 'धुऊन काढायचं' म्हणून बादलीभर पाणी पिऊ नये, तहानेपुरतं पुरे. अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते क्रिएटिनपेक्षा जास्त धोक्याचं.

पण काही लक्षणं दिसली तर वाट पाहायची नाही. लघवी चहा किंवा कोलासारखी गडद होणं, ती फारच कमी होणं, स्नायू असह्य दुखून सुजणं, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, न थांबणारी उलटी: यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गडद लघवी आणि स्नायूदुखी एकत्र आली, तर अतिव्यायामाने स्नायू फुटल्याचा संशय घ्यावा लागतो. आधीपासून मूत्रपिंडाचा आजार असेल, एकच मूत्रपिंड असेल, गरोदरपण असेल किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं रोज चालू असतील, तर लक्षणं नसली तरी डॉक्टरांना कळवावं.

डब्यावरचं नावही नीट वाचावं. 'प्री-वर्कआउट' मिश्रण असेल तर सगळा हिशोब बदलतो, कारण त्यात कॅफिन असतं, बऱ्याचदा स्कूपला २०० मिलिग्रॅम किंवा जास्त. प्रौढाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मानतात. अशा मिश्रणाचे दोन स्कूप झाले आणि छातीत धडधड, थरथर किंवा छातीत दुखणं सुरू झालं, तर ताबडतोब इस्पितळात जावं.

भाच्याने मला न विचारता रक्त तपासून घेतलं. मूत्रपिंडांचं काम जोखायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनीन १.४ आलं, गेल्या वर्षी ते १.१ होतं. अहवालात मूत्रपिंडाचा गाळण-वेग ९७ वरून ७३ वर उतरलेला. घरात रडारड. पण हा वेग यंत्राने मोजलेला नसतो, क्रिएटिनीन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढलेला असतो. क्रिएटिन शरीरात आपोआप मोडून क्रिएटिनीन बनतं. कच्चा माल वाढला की तेही वाढतं, मूत्रपिंडं ठणठणीत असली तरी. अर्थात प्रत्येक वाढलेला आकडा क्रिएटिनच्या माथी मारून मोकळं होणंही चुकीचं.

डॉक्टरांनी त्याला पावडर आणि जोरकस व्यायाम थांबवायला सांगितला, लघवीतलं प्रथिन तपासलं आणि सिस्टॅटिन-सी ही चाचणी करवली. हे द्रव्य क्रिएटिनपासून बनत नाही, त्यामुळे पावडरने त्याचा आकडा फुगत नाही. दोन्ही अहवाल नॉर्मल आले. क्रिएटिनीनची फेरतपासणी सहा आठवड्यांनी ठेवली, कारण भरलेले स्नायू पूर्वपदावर यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत डबा आणि वजनकाटा दोन्ही माझ्याकडे आहेत.