लिफ्टचा एएमसी बंद करायचाय? रजिस्ट्रीने नोटीस कशी पाठवायची आणि पुरावा काय ठेवायचा

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टचा एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, ३१ मार्च २०२६ ला संपत होता. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं, की संपायच्या किमान ६० दिवस आधी पुण्याच्या रजिस्टर्ड ऑफिसला रजिस्टर्ड पोस्टाने किंवा कुरिअरने लेखी नोटीस मिळाली नाही तर करार आपोआप वर्षभर पुढे चालू. सर्व्हिसला येणाऱ्या पोराला सांगितलं, कस्टमर केअरला फोन केला, तिकडून "हो सर नोट केलंय" आलं, पण करारात लेखी म्हटलंय म्हणल्यावर त्या फोनचा काही उपयोग नाही.

आधी तारीख मोजा. करारात नोटीस "पाठवली" पाहिजे लिहिलंय का "मिळाली" पाहिजे, यावर सगळं आहे. आमच्यात मिळाली होतं. ३१ मार्चच्या ६० दिवस आधी म्हणजे ३० जानेवारी, पण नेमकं काठावर जाऊ नये, एक दिवस इकडेतिकडे मोजला तरी वाद होतो. मधे संक्रांत, गड्ड्याची जत्रा, २६ जानेवारीची सुट्टी, म्हणून आम्ही ८ जानेवारीलाच टाकली. परत आली असती तर दुसऱ्यांदा पाठवायला वेळ होता.

नोटीस कोण देऊ शकतं? ज्याच्या नावाने करार आहे तोच. सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव करून सेक्रेटरी किंवा चेअरमनची सही आणि शिक्का, ठरावाची झेरॉक्स सोबत. दुकान असेल तर मालकाची सही. कुणी सभासदाने आपल्या नावाने पाठवली तर कंपनी सरळ म्हणते, तुमच्याशी आमचा करारच नाही. पत्र एका पानाचं पुरे, करार नंबर आणि तारीख, कुठल्या कलमाखाली रद्द करतोय, कुठल्या तारखेपासून, आणि शेवटच्या भरलेल्या बिलाची झेरॉक्स. "रद्द करण्याचा विचार आहे" असं अजिबात लिहू नका, "रद्द करत आहोत" लिहा.

पत्ता करारातल्या नोटिशीच्या कलमात दिलेलाच टाका, बिलावरचा सोलापूर ब्रँचचा नको. कंपनीने ऑफिस हलवलंय असं कळलं तर दोन्हीकडे एकेक प्रत पाठवा.

आता पोस्टाचं. जुनी वेगळी रजिस्ट्री २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, त्यामुळे काउंटरवर नुसतं "स्पीड पोस्ट करा" म्हणालात तर साधं स्पीड पोस्ट होतं. "रजिस्ट्रेशनसकट आणि पोचपावतीसकट" असं स्पष्ट सांगा आणि रजिस्ट्रेशनचा चार्ज पावतीवर आलाय का ते तिथंच बघा. करारात रजिस्टर्ड शब्द असेल तर ही एक ओळच उद्या कामाला येते. १ ऑक्टोबर २०२५ च्या दराने ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट गावाबाहेर ४७ रुपये, रजिस्ट्रेशनचे ५, वर जीएसटी, म्हणजे साठेक रुपये, पोचपावतीचे वेगळे.

खरी गोची पुढे आहे. पावती आणि ट्रॅकिंग एवढंच सांगतात की एक पाकीट पोचलं, आत काय होतं ते नाही. "आम्हाला कोरा कागद आला" म्हणणारे पण असतात! म्हणून आम्ही पाकिटावरच "करार रद्द करण्याची नोटीस" आणि करार नंबर लिहिला, पोचपावतीच्या कार्डावर पण तेच, सही केलेल्या पत्राचा आणि पाकिटाचा शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला, आणि त्याच दिवशी कंपनीला पत्राची पीडीएफ मेल केली, खाली लिहिलं की हीच नोटीस आज अमुक ट्रॅकिंग नंबरने पाठवलीय. मेल नोटीस म्हणून चालत नसला तरी पाकिटात काय होतं याचा तो पुरावा होतो.

पावतीची शाई काही महिन्यांत उडते, झेरॉक्स लगेच काढा. ट्रॅकिंगला डिलिव्हर्ड दिसलं की तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, ती माहिती साइटवर कायम राहत नाही. कार्ड परत आलं नाही तर थांबून राहू नका, पावती जोडून पोस्टात लेखी अर्ज द्या आणि डिलिव्हरीचा दाखला मागा.

पाकीट परत आलं तर फोडू नका, तसंच सीलबंद ठेवा, वरचा शेरा महत्त्वाचा. "घेण्यास नकार" असेल तर बरोबर पत्त्यावर रजिस्ट्रीने पाठवलेलं पोचलं असं कायदा साधारण धरून चालतो, जनरल क्लॉजेस अॅक्ट १८९७ चं कलम २७ त्यासाठीच आहे. पण "पत्ता सापडला नाही" असेल तर पत्ता तपासून लगेच दुसरं टाका.

कुरिअर करारात चालत असेल तरच करा, कारण ते कलम २७ पोस्टाबद्दल आहे. कुरिअरवाल्याकडून समोरच्याची सही, शिक्का आणि तारीख असलेली डिलिव्हरी स्लिप मागून घ्या, गेटवर वॉचमनच्या हातात दिलं आणि वरती नुसता एक फराटा, अशी स्लिप काही कामाची नाही.

आमचं पाकीट १० तारखेला पोचलं. एप्रिलमध्ये नव्या वर्षाचं बिल तरी आलंच. उत्तरात पावती, कार्ड आणि मेलची प्रिंट पाठवली, आठवड्यात बिल मागे घेतलं.