आधी वजाबाकी, मग लॉग

१०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं फक्त १ मिलिलिटर द्रावण टाकलं, की पीएच ७ वरून १२ वर जातो. तेवढंच द्रावण तेवढ्याच ॲसिटेट बफरमध्ये टाकलं, तर पीएच ०.०९ने वाढतो. एवढा फरक कशाने पडतो, हे हिशेब मांडला की दिसतं.

आपल्या बफरमध्ये ॲसेटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट दोन्ही ०.१ मोलर आहेत, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये प्रत्येकी १० मिलिमोल. पीएच काढायला हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण वापरायचं:

```
pH = pKa + log([CH3COO-]/[CH3COOH])
```

ॲसेटिक आम्लाचा pKa २५ अंश सेल्सिअसला ४.७६ असतो. दोन्ही घटक समान, गुणोत्तर १, त्याचा लॉग शून्य. म्हणून पीएच ४.७६.

आता अल्कली टाकू. १ मिलिलिटरमधून १ मिलिमोल हायड्रॉक्साइड आलं. इथे पुष्कळ विद्यार्थी त्याची संहती काढून थेट पीएच मोजायला बसतात आणि उत्तर १२च्या आसपास आणतात. पण ते हायड्रॉक्साइड मोकळं राहतच नाही. समोर आलेल्या आम्लाशी त्याची अभिक्रिया क्षणात आणि जवळजवळ पूर्ण होते, आणि त्यातून ॲसिटेट तयार होतं. म्हणून समीकरणाला हात लावण्याआधी साधी वजाबाकी करायची: आम्ल १० चं ९ झालं, ॲसिटेट १० चं ११. आकारमान १०१ मिलिलिटर झालं तरी ते अंशात आणि छेदात सारखंच असल्याने कटतं; मिलिमोलच वापरले तरी चालतं. ११ भागिले ९ चा लॉग ०.०९, म्हणून पीएच ४.८५. उत्तर ४.६७ आलं, तर गुणोत्तर उलटं मांडलंय असं समजा. अल्कली टाकून पीएच उतरणार नाही.

मीटर लावला तर सुरुवातीचा आकडा ४.६५च्या जवळपास दिसेल. आयन एकमेकांना ओढतात, आणि संहती धरून केलेल्या हिशेबात ते येत नाही. मात्र झालेली वाढ हिशेबाशी चांगली जुळते.

मला यातला सर्वांत बोलका भाग पुढचा वाटतो. असंच एकेक मिलिलिटर टाकत राहा. पहिल्याने पीएच ०.०९ सरकला होता. नवव्यापर्यंत आम्ल १ मिलिमोल उरतं, ॲसिटेट १९ होतं आणि पीएच ६.०४ वर पोहोचतो. एकट्या नवव्या मिलिलिटरने तो ०.३२ने वाढलेला असतो. दहाव्याने आम्ल संपतं. समीकरणात छेदाला शून्य येतं, कारण आता ते बफरच नाही, नुसतं सोडियम ॲसिटेटचं द्रावण आहे. त्याचा पीएच ॲसिटेटच्या जलअपघटनावरून काढावा लागतो, आणि तो भरतो ९.