शक्यता वेगळी, निर्णय वेगळा: कर्जाच्या अर्जावर ०.५ की १/६?

कर्जाचा एक अर्ज समोर आहे. मॉडेल म्हणतं, हा माणूस कर्ज बुडवण्याची शक्यता ०.३ आहे. यावर दोन प्रश्न विचारता येतात. पहिला: हा बुडवेल की फेडेल, यातलं जास्त शक्य काय? उत्तर सरळ आहे, फेडेल. दुसरा: याला कर्ज द्यायचं की नाही? दोन्ही प्रश्न इतके एकसारखे वाटतात की पहिल्याचं उत्तर दुसऱ्यालाही चालवून घेतलं जातं. ०.५ ची सीमा फक्त पहिल्या प्रश्नाची आहे. दुसऱ्या प्रश्नाची सीमा कुठली चूक किती महाग पडते यावरून ठरते आणि ती बहुतेक वेळा भलतीकडेच असते.

हे नीट दिसतं ते जर्मन क्रेडिट डेटामध्ये. हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या हान्स हॉफमन यांनी दिलेला हा डेटा १९९४ पासून यूसीआय या मशीन लर्निंगच्या खुल्या डेटासंग्रहात आहे. त्यात १००० कर्जदार आहेत, ७०० चांगले आणि ३०० बुडीत. सोबत किमतीचा तक्ताही दिलेला आहे: चांगल्या माणसाला नकार दिला तर तोटा १, बुडव्याला कर्ज दिलं तर तोटा ५. पहिली चूक म्हणजे खोटा इशारा, दुसरी म्हणजे निसटलेली केस.

आधी मॉडेल बाजूला ठेवून दोन टोकं पाहू. सगळ्यांना कर्ज दिलं तर १००० पैकी ७०० निर्णय बरोबर, म्हणजे अचूकता ७० टक्के. तोटा मात्र ३०० गुणिले ५, म्हणजे १५००. सगळ्यांना नकार दिला तर अचूकता ३० टक्के आणि तोटा फक्त ७००. अचूकता निम्म्याहून खाली गेली आणि तोटाही निम्म्याहून कमी झाला. ०.५ ची सीमा किती निर्णय बरोबर आले एवढंच मोजते, त्यामुळे हा फरक तिला दिसूच शकत नाही.

आता तो ०.३ चा अर्ज घेऊ. कर्ज दिलं तर सरासरी तोटा ०.३ × ५ = १.५. नकार दिला तर ०.७ × १ = ०.७. म्हणजे हा माणूस फेडण्याचीच शक्यता जास्त असूनही नकार स्वस्त पडतो. शक्यता ०.१ असती तर कर्ज दिल्याचा तोटा ०.५ आणि नकाराचा ०.९, म्हणून कर्ज द्यावं. पारडी समान होतात ती बरोबर १/६ वर, सुमारे ०.१६७. सूत्र एवढंच आहे:

```
सीमा = खोट्या_इशाऱ्याचा_तोटा / (खोट्या_इशाऱ्याचा_तोटा + निसटल्याचा_तोटा)
     = 1 / (1 + 5)
```

दोन्ही तोटे सारखे असतील तरच या सूत्रातून ०.५ निघतं. म्हणजे ०.५ वापरणं हे तटस्थ राहणं नव्हे. निर्दोष माणसाला नाकारणं आणि पैसे बुडणं यांची किंमत एकच आहे, असं ते ठामपणे सांगणं आहे. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते, कारण हा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो, तो लायब्ररीने घेतलेला असतो. scikit-learn मध्ये `predict()` म्हटलं की दोन वर्गांपैकी जास्त शक्यतेचा वर्ग मिळतो. आपल्याला शक्यता हवी असते आणि सीमा स्वतः लावायची असते:

```python
p = model.predict_proba(X)[:, 1]   # वर्ग 2 = बुडीत
nakar = p >= 1/6
```

हे ५ आणि १ येतात कुठून? समजा बँकेला चांगल्या कर्जावर दर शंभरामागे ८ मिळतात आणि बुडीत कर्जावर ४० जातात. सीमा ८/(८+४०), म्हणजे पुन्हा १/६. दोन्ही आकडे कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात असतील तर रक्कम हजार असो की दहा हजार, सीमा हलत नाही. पण दिलेल्या प्रत्येक कर्जामागे ठरावीक खर्च असेल, तर छोट्या कर्जाचा नफा त्यातच खाल्ला जातो आणि तिथे सीमा आणखी खाली सरकते. एकच सीमा सगळ्यांना लावण्याआधी एवढं तपासावं.

या हिशेबात एक सापळा आहे आणि त्याकडे संशोधक चार्ल्स एल्कन यांनी २००१ मध्ये हाच डेटा घेऊन लक्ष वेधलं. नकार दिला की पैसा ना येतो ना जातो, मग अर्जदार चांगला असो की वाईट. त्यामुळे पैशांचा हिशेब मांडताना नकाराच्या ओळीतल्या दोन्ही रकमा सारख्याच हव्यात. ते सोडून कोणी चांगल्या कर्जाचे ८ कमाई म्हणून धरले आणि चांगल्या माणसाला दिलेल्या नकारावर हुकलेली कमाई म्हणून पुन्हा ८ लावले, तर तेच ८ दोनदा मोजले जातात. सीमा १६/(१६+४०), सुमारे ०.२९ होते. ०.२ शक्यतेच्या माणसाला मग कर्ज मिळतं आणि बँक दर शंभरामागे सरासरी १.६ गमावते: कमाई ०.८ × ८ = ६.४, बुडीत ०.२ × ४० = ८.

असंच दुहेरी मोजणं मॉडेल शिकवतानाही होतं. बुडीत वर्गाला पाचपट वजन देऊन शिकवलं की मॉडेलची शक्यता आधीच फुगते आणि अशा मॉडेलवर ०.५ हीच बरोबर सीमा असते. त्यावर पुन्हा १/६ लावली तर खरी सीमा १/२६ वर जाते. किंमत वजनात धरा किंवा सीमेत, दोन्हीकडे नको.

१/६ ची सीमा तेव्हाच खरी, जेव्हा मॉडेलचं ०.१६७ हे खरोखर सहातला एक असतं. तपासायचं असं: बाजूला ठेवलेल्या अर्जांतून ०.१२ ते ०.२२ शक्यता मिळालेले वेगळे काढा आणि त्यात किती बुडाले ते मोजा. ६० अर्जांत दहाच्या आसपास बुडीत निघाले तर ठीक, वीस निघाले तर मॉडेल धोका कमी दाखवतंय. काही जण सूत्र सोडून प्रत्येक सीमेवरचा एकूण तोटा मोजतात आणि सगळ्यात खालचा बिंदू घेतात. पडताळा म्हणून हे चांगलं आहे, पण २५० अर्ज बाजूला ठेवले तर त्यात बुडीत जेमतेम ७५ असतात. तो आलेख दातेरी येतो आणि खालचा बिंदू नमुना बदलला की जागा बदलतो. त्यावरून सीमा दोन दशांशांपर्यंत ठरवू नये. तो बिंदू १/६ पासून फार लांब पडला, तर आधी शक्यतांवर संशय घ्यावा.

आणि या डेटात तो संशय घ्यायलाच हवा. बुडीत कर्जं यात मुद्दाम जास्त घेतलेली आहेत. ३० टक्के हे बँकेचं खरं प्रमाण नव्हे. समजा प्रत्यक्षात ५ टक्केच कर्जं बुडतात. बुडीत आणि चांगल्यांचं गुणोत्तर नमुन्यात ३०:७०, प्रत्यक्षात ५:९५, म्हणजे नमुन्याच्या सुमारे ०.१२३ पट. नमुन्यावर शिकलेल्या मॉडेलने १/६ म्हटलं तर ते १:५ झालं. त्याला ०.१२३ ने गुणलं की खरी शक्यता फक्त २.४ टक्क्यांच्या आसपास उरते आणि अशा माणसाला आपण नाकारत असतो. खरी १/६ गाठायची तर मॉडेलच्या कच्च्या आकड्यावर सीमा सुमारे ०.६२ लावावी लागते. किमतीचा तक्ता तोच, ५ आणि १, तरीही सीमा अर्ध्याच्या वर गेली.